कर्म आधी, की कृदंत आधी?

‘मी चिठ्ठी लिहिली’ आणि ‘चिठ्ठी मी लिहिली’ या दोन्ही वाक्यांत ‘लिहिली’ स्त्रीलिंगीच राहते. आपल्या कर्मणी प्रयोगात कर्म कोठेही बसो, क्रियापद त्याच्या मागे जाते. फ्रेंच भाषेत मात्र कर्माची जागा महत्त्वाची ठरते, आणि त्याचा इतिहास मराठी माणसाला विशेष उद्बोधक वाटावा असा आहे.

मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘हाबेओ एपिस्तुलाम स्क्रिप्ताम’ म्हणजे ‘मजजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे’. तेथे ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचे विशेषण होते, म्हणून स्त्रीलिंगी. पुढे ‘मजजवळ आहे’ याचा अर्थ झिजला आणि ते ‘आव्वार’ हे साहाय्यक क्रियापद झाले. जुन्या फ्रेंचमध्ये कृदंत कधी कर्माप्रमाणे बदले, कधी बदलत नसे. सोळाव्या शतकात कवी क्लेमां मारो याने, इटालियनचा दाखला देत, पुढे आलेला शब्द मागच्यावर सत्ता चालवतो असा नियम एका छोट्या कवितेत सांगितला. 1647 साली वोज्लाने आपल्या ग्रंथात त्याला बळ दिले.

हा नियम पडताळून पाहू. वाक्य आहे, ‘मी लिहिलेली चिठ्ठी’: ‘ला लेत्र क जे एक्री...’. पहिली पायरी: साहाय्यक क्रियापद आव्वार आहे का? ‘जे’ मध्ये तेच आहे. दुसरी: काय लिहिले? चिठ्ठी. तिसरी: ती कृदंताच्या आधी आली का? होय. चौथी: ती स्त्रीलिंगी एकवचनी आहे. म्हणून शेवटी ‘एक्रीत’. उलट ‘जे एक्री ला लेत्र’ मध्ये तिसऱ्या पायरीवर उत्तर ‘नाही’ येते आणि कृदंत तसेच राहते. मराठीच्या सवयीने येथेही ‘एक्रीत’ म्हणावेसे वाटते, ती चूक होय.

दुसरा चकवा उलट बाजूचा आहे. ‘मी तिला समजून घेतले’ हा आपला भावे प्रयोग, क्रियापद नपुंसकलिंगी. फ्रेंचमध्ये मात्र ‘तिला’ हे सर्वनाम कृदंताआधी येते, म्हणून ‘ज ले कोंप्रीज’ असे स्त्रीलिंगी रूप घ्यावे लागते. आणि ‘मी झोपलो ते तीन तास’ यात ‘काय?’ चालत नाही, ‘किती वेळ?’ विचारावे लागते. ते कर्मच नव्हे, म्हणून बदल नाही.

बहुतेक कृदंतांत हा फरक कानाला ऐकूच येत नाही, केवळ कागदावर दिसतो. शाळकरी मुलांना तो जड जाई. 31 जुलै 1900 रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी आव्वारबरोबरचे कृदंत न बदलण्याची मुभा दिली. फ्रेंच अकादमीच्या विरोधानंतर 26 फेब्रुवारी 1901 च्या आदेशात ती बव्हंशी मागे घेण्यात आली. आपल्या मुलाला ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे कोणी शिकवीत नाही, कारण ते त्याच्या कानात असते. फ्रेंच मुलाच्या कानातून हा मेळ बराचसा गेला, पण वहीतून गेला नाही.