चार नावं, चार प्रश्न: वर्म, ट्रोजन, रूटकिट आणि फाइललेस

सिक्युरिटी सर्टिफिकेशनची तयारी करताना मालवेअरच्या प्रकारांवरचा प्रश्न येतो आणि चारपैकी दोन पर्याय बरोबर वाटतात. तुमचंही असं झालं असेल. यात तुमची चूक नाही. ही चार नावं एकाच यादीत बसवलेली असली तरी ती चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कशी, ते इतिहासातून बघू.

पहिला प्रश्न: हे पसरतं कसं? २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. युनिक्स मशीनवरच्या मेल आणि फिंगर या सेवांमधल्या चुका वापरून, सोपे पासवर्ड ओळखून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपला आपण जात होता. कोणी फाइल उघडली नाही, कोणी क्लिक केलं नाही. मशीनवर आधीच आपली प्रत आहे का, हे तो तपासायचा, पण सातातून एकदा उत्तर काहीही आलं तरी राहायचाच. त्यामुळे एकेका मशीनवर प्रती साचल्या आणि मशीन्स ठप्प झाली. माणसाच्या मदतीशिवाय नेटवर्कवरून स्वतः पसरतो, तो वर्म.

दुसरा प्रश्न: हे आत आलं कसं? पुढच्याच वर्षी, १९८९च्या डिसेंबरमध्ये, हजारो लोकांना टपालाने एक फ्लॉपी आली. त्यावर एड्सची माहिती देणारा प्रोग्राम होता, आणि तो खरंच माहिती देत होता! पण इन्स्टॉल करताना त्याने गुपचूप `AUTOEXEC.BAT` ही फाइल बदलली आणि कॉम्प्युटर किती वेळा सुरू होतो ते मोजायला लागला. साधारण नव्वदाव्या वेळी फाइलींची नावं एन्क्रिप्ट झाली आणि स्क्रीनवर १८९ डॉलरची मागणी आली. हा प्रोग्राम स्वतः कुठेच पसरला नाही. माणसाने विश्वास ठेवून त्याला आत घेतलं. हा ट्रोजन.

तिसरा प्रश्न: हे लपतं कसं? ऑक्टोबर २००५ मध्ये मार्क रसिनोविच या इंजिनिअरला स्वतःच्या विंडोज मशीनवर काही फाइली दडवलेल्या सापडल्या. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने कॉपी थांबवण्यासाठी टाकलेलं ते सॉफ्टवेअर होतं. नाव `$sys$` ने सुरू होणारी कोणतीही फाइल ते विंडोजच्या नजरेआड करायचं. मग सापडलं कसं? त्याच्या टूलने विंडोज सांगतं ती फाइलींची यादी आणि डिस्कवरून थेट वाचलेली यादी शेजारी ठेवली. फरक दिसला आणि चोरी उघडी पडली. रूटकिट म्हणजे हे लपणं. म्हणून संशय आला तर चालू सिस्टिमवर विसंबू नका, पेनड्राइव्हवरून वेगळी सिस्टिम बूट करून स्कॅन करा.

चौथा प्रश्न: हे राहतं कुठे? २५ जानेवारी २००३. एसक्यूएल स्लॅमर हा फक्त ३७६ बाइट्सचा, एका यूडीपी पॅकेटमध्ये मावणारा कोड १० मिनिटांत जगभरातल्या बहुतेक असुरक्षित सर्व्हरपर्यंत पोहोचला. डिस्कवर त्याने एकही फाइल लिहिली नाही, तो फक्त मेमरीत होता. सर्व्हर रीस्टार्ट केला की तो गायब. पण सहा महिने आधी आलेला पॅच टाकलेला नसेल, तर तो पुन्हा हजर! राहण्याची ही पद्धत म्हणजे फाइललेस. आजचे फाइललेस हल्ले बऱ्याचदा पॉवरशेलसारखी विंडोजचीच टूल्स वापरतात. काही स्वतःला रजिस्ट्रीत लिहून ठेवतात, त्यामुळे रीस्टार्टने ते जातीलच असं नाही.

आता गंमत बघा. स्लॅमर वर्म की फाइललेस? दोन्ही! पसरतो वर्मसारखा, राहतो मेमरीत.

म्हणून सरावासाठी हा प्रश्न घ्या. एका कर्मचाऱ्याने फुकटचं पीडीएफ टूल इन्स्टॉल केलं. नंतर टास्क मॅनेजरमध्ये काही वावगं दिसत नाही, पण फायरवॉलच्या लॉगमध्ये अनोळखी ट्रॅफिक आहे. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर एक लपलेला ड्रायव्हर सापडला. फाइललेस लगेच बाद, कारण डिस्कवर फाइल आहे. वर्मही बाद, कारण तो इतर मशीनवर पसरल्याचा पुरावा नाही. आता प्रश्नाची शेवटची ओळ वाचा. ‘हल्ला आत कसा आला?’ असं विचारलं असेल तर ट्रोजन. ‘तो दिसत का नव्हता?’ असं असेल तर रूटकिट.

गोष्ट तीच, उत्तरं दोन. पर्याय वाचण्याआधी शेवटची ओळ वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!