रक्तस्राव आज, पण गर्भाची वाढ थांबली कधी? सुरुवातीच्या गर्भपाताबद्दलचे समज आणि तथ्य

गर्भ पडला की घरात पहिला प्रश्न येतो, "काय केलं होतंस?" मग मागचे चार-आठ दिवस आठवून पाहिले जातात. पाण्याचा हंडा उचलला होता, मोटारसायकलवरून दौंडला गेली होती, पपई खाल्ली होती, ग्रहणात भाजी चिरली होती. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांत ही यादी साधारण सारखीच असते, आणि शेवटी दोष त्या बाईवरच येतो.

या यादीत मोठी चूक आहे ती तारखेची. रक्तस्राव सुरू होतो तो दिवस आणि गर्भाची वाढ थांबते तो दिवस बहुतेक वेळा वेगळे असतात. दोन्हींमध्ये अनेकदा एक ते तीन आठवड्यांचं अंतर असतं.

हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. शिरूर तालुक्यातल्या एका बाईची शेवटची पाळी 1 जूनला आली. जुलैच्या सुरुवातीला चाचणी पॉझिटिव्ह आली. 6 ऑगस्टला ती नवऱ्यामागे मोटारसायकलवर बसून दौंडला नणंदेकडे गेली आणि 10 ऑगस्टला तिच्या अंगावर जायला लागलं. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे त्या दिवशी दहा आठवडे पूर्ण व्हायला हवे होते. सोनोग्राफीत मात्र गर्भाची लांबी 10 मिलिमीटर दिसली आणि हृदयाचे ठोके नव्हते. एवढी लांबी साधारण सात आठवड्यांच्या गर्भाची असते. पाळी नियमित असेल, तर वाढ जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच थांबली होती. दौंडची फेरी त्यानंतर दोन आठवड्यांनी झाली, म्हणून ती कारण असूच शकत नाही.

पाळी अनियमित असेल तर हे गणित चुकू शकतं. म्हणूनच गर्भ 7 मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि ठोके दिसत नसतील, तर डॉक्टर लगेच निष्कर्ष काढत नाहीत. किमान एका आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी करतात. गर्भ फक्त कमी दिवसांचा असण्याचीही शक्यता असते.

मग वाढ थांबते कशामुळे?

पहिल्या बारा-तेरा आठवड्यांत गर्भ आपोआप पडला, तर त्याला सुरुवातीचा गर्भपात म्हणतात. अशा घटनांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांत दोष आढळतो. आईकडून 23 आणि वडिलांकडून 23 गुणसूत्रं यायला हवीत. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना वाटणी चुकली, तर एखादं गुणसूत्र जास्त येतं किंवा कमी पडतं. बहुतेक वेळा अशा गर्भाची वाढ काही आठवड्यांतच थांबते. ही चूक योगायोगाने होते आणि गर्भ राहतो त्या वेळीच झालेली असते. नंतरच्या खाण्यापिण्याने ती होत नाही आणि सुधारतही नाही.

वयाचा संबंध मात्र खरा आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात 25 ते 29 वयात गर्भपाताचं प्रमाण सुमारे 10 टक्के होतं, तर 45 नंतर ते निम्म्याहून जास्त होतं. अनियंत्रित मधुमेह, थायरॉईडचे काही आजार, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आणि तंबाखू यांनीही धोका वाढतो. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे.

"कामाने काहीच होत नाही" असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही. रोज खूप जड ओझी उचलणं आणि रात्रपाळी यांचा गर्भपाताशी थोडा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या मजूर बाईला त्या कामातून सूट मिळायला हवी. पण घरातला एक हंडा, एसटीचा प्रवास किंवा नवरा-बायकोचा संबंध यांवर एरवी ठीक असलेल्या गर्भाचं नुकसान ढकलता येत नाही. कच्च्या पपईच्या चिकाबद्दल प्राण्यांवरच्या प्रयोगांतून शंका आहे, त्यामुळे ती टाळलेली बरी. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडतो याला मात्र आधार नाही. ग्रहण आणि नजर यांचा तर प्रश्नच येत नाही.

किती जणींना होतं?

गर्भ राहिल्याचं कळल्यानंतर साधारण दर सात गर्भांपैकी एक असा पडतो. कळायच्या आधीच संपणारे गर्भ धरले तर आकडा आणखी वाढतो. 1988 च्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात 221 स्त्रियांच्या लघवीची रोज तपासणी केली, तेव्हा एकूण 31 टक्के गर्भ टिकले नव्हते. त्यांतले बरेचसे त्या बाईला पत्ता लागण्याआधीच गेले होते. पाळी चार दिवस उशिरा आली, एवढंच तिला जाणवलं असतं.

गावात हे प्रमाण कमी वाटतं, कारण नोंदच होत नाही. आशाताईंकडे नाव घालण्याआधी गर्भ गेला, तर तो कोणत्याही रजिस्टरवर येत नाही. 1990 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास केला. गर्भ लवकर कळावा म्हणून कार्यकर्त्या सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाळीच्या तारखा दर महिन्याला लिहून घेत. सुरुवातीचे गर्भ मोजायचे तर इतकी चिकाटी लागते.

कागदावरच्या एका शब्दानेही गोंधळ होतो. डॉक्टर आपोआप झालेल्या गर्भपातालाही "स्पॉन्टेनियस अबॉर्शन" किंवा "मिस्ड अबॉर्शन" लिहितात. सासरच्यांनी फाईल वाचली की "हिने पाडून घेतलं" असा संशय येतो. प्रत्यक्षात "स्पॉन्टेनियस" म्हणजे आपोआप झालेला आणि "मिस्ड" म्हणजे वाढ थांबली आहे पण गर्भ अजून बाहेर पडलेला नाही.

विश्रांती आणि इंजेक्शनं

अंगावर जायला लागलं की पूर्ण आडवं राहायला सांगण्याची पद्धत जुनी आहे, पण त्याने गर्भ टिकतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गर्भ टिकण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचीही मोठी चाचणी झाली आहे. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सरसकट फायदा दिसला नाही. आधी गर्भपात झालेल्या आणि आता रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांत मात्र थोडा फायदा दिसला.

एकदा गर्भ पडला म्हणून पुढच्या वेळीही पडेल असं नाही. बहुतेक स्त्रियांचा पुढचा गर्भ नीट टिकतो. लागोपाठ दोन-तीनदा झालं तर मात्र तपासण्या कराव्यात, आणि त्यात नवऱ्याचीही तपासणी येते.

तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर येत असेल, ताप आला असेल, स्रावाला घाण वास येत असेल किंवा पोटात एका बाजूला जोराची कळ असेल, तर वाट पाहू नये. 108 ला फोन करून रुग्णालय गाठावं. एका बाजूची कळ हे गर्भ नळीत राहिल्याचंही लक्षण असू शकतं आणि त्यात जिवाला धोका असतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावं, अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कायद्यानुसार, वैद्यकीय पुरावा दिल्यावर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ईएसआय लागू असलेल्या कामगार स्त्रियांना हा लाभ त्या योजनेतून मिळतो. म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं.