लहान मूल पातळ औषध घेत नसेल तर

भोर-वेल्ह्याकडच्या अनेक घरांत आजही आजी बाळाला पायांवर आडवे घेते, नाक दाबते आणि बोंडल्याने औषध घशात ओतते. गुटी अशीच पाजली जायची. सिरपसाठी मात्र ही पद्धत सोडून द्या. आडवे झोपून रडणारे मूल जोरात श्वास आत घेते आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय किती पोटात गेले आणि किती सांडले, तेही कळत नाही.

मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज सुईशिवाय मागून घ्या. टोकाला छोटे टोपण असेल तर आधी काढून टाका, ते घशात अडकू शकते. मुलाला मांडीवर ताठ बसवा. सिरिंजचे टोक जिभेवर किंवा घशाकडे नको. गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवा. जिभेला चव कमी लागते आणि थुंकणेही अवघड जाते. अर्धा ते एक मिली सोडा, गिळू द्या, मग पुढचे. रडत असेल तर थांबा.

औषध जितके कमी, तितके भांडण कमी. समजा, १० किलोच्या मुलाला डॉक्टरांनी तापासाठी १५० मिग्रॅ पॅरासिटामॉल सांगितले आहे. ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेल्या बाटलीतून ६ मिली द्यावे लागेल. ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्या बाटलीतून फक्त ३ मिली. त्यामुळे 'जास्त ताकदीचे लिहून देता का?' असे डॉक्टरांना जरूर विचारा. पण बाटली बदलली की माप बदलते. नव्या बाटलीतून सवयीने ६ मिली दिले, तर डोस दुप्पट होतो. शेजारणीच्या बाटलीचे माप आपल्या बाटलीला लावू नका. घरातल्या चमच्यानेही मोजू नका.

चवीसाठी, डोस एक चमचा थंड पेजेत किंवा जॅममध्ये मिसळता येतो का, ते मेडिकलमध्ये विचारा. वाटीभर दुधात नको. मूल अर्धे सोडते आणि डोसही अर्धाच जातो. नंतर लगेच गूळ-पाणी द्या. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच नको.

पॅरासिटामॉल जेवणाआधी, थोडी भूक असताना दिले तरी चालते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट मात्र जेवणाच्या सुरुवातीला द्या, नाहीतर पोट बिघडते.

औषध देताच उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा का, हे डॉक्टरांना फोनवर विचारा, आणि उलटी किती मिनिटांनी झाली ते सांगा. प्रत्येक डोस उलटत असेल तर पाण्यात विरघळणारी गोळी किंवा तापासाठी गुदद्वारातून द्यायची गोळी मिळते. औषध दिल्यावर खोकला थांबेना, ओठ निळे पडले किंवा श्वास जोरात चालू लागला, तर १०८ ला फोन करा.