सात अक्षरांत मावलेलं यंत्र

एप्रिल १९३६. तुम्ही केंब्रिजला किंग्ज कॉलेजच्या आवारात उभे आहात. ज्याला गाठायचं आहे तो अॅलन ट्यूरिंग तेवीस वर्षांचा आहे, कॉलेजचा फेलो होऊन त्याला वर्ष झालंय. गेल्या वर्षी मॅक्स न्यूमनच्या व्याख्यानांत हिल्बर्टचा एक प्रश्न त्याच्या कानावर पडला: गणितातलं एखादं विधान सिद्ध होण्याजोगं आहे की नाही, हे ठरवणारी एखादी ठरीव, डोकं न चालवता पार पाडता येणारी रीत असते का? त्यावरचा त्याचा लेख आता तयार आहे, आणि लवकरच तो न्यूमनच्या हातात पडेल. तुम्ही आला आहात त्या लेखाच्या मधल्या काही पानांसाठी. आणि ती पानं नुसती वाचून कळत नाहीत. त्यातलं यंत्र तुम्हालाच व्हावं लागतं.

पेन्सिल घ्या, खोडरबर घ्या. समोर कागदाची लांबच लांब पट्टी आहे, तिच्यावर घरं आखलेली. एका वेळी एकाच घरावर तुमची नजर. त्या घरातलं चिन्ह पाहायचं, आपण सध्या कुठल्या अवस्थेत आहोत ते आठवायचं, मग नियमांच्या तक्त्याप्रमाणे त्या घरात काहीतरी लिहायचं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं किंवा जागीच राहायचं आणि पुढच्या अवस्थेत जायचं. ट्यूरिंगचं यंत्र म्हणजे एवढंच. त्याने पहिलंच उदाहरण दिलंय ते ०, १, ०, १ असं अखंड लिहीत जाणाऱ्या यंत्राचं. त्याला चार अवस्था आहेत. पहिलीत रिकाम्या घरात ० लिही, उजवीकडे सरक, दुसरीत जा. दुसरीत घर रिकामंच ठेव, उजवीकडे सरक, तिसरीत जा. तिसरीत १ लिही, सरक, चौथीत जा. चौथीत रिकामं घर सोड, सरक, परत पहिलीत ये.

आता खरी अडचण. तुम्हाला असं एकच यंत्र व्हायचं आहे, की समोर कुठल्याही यंत्राचा तक्ता ठेवला तरी ते यंत्र करील ते तुम्ही करून दाखवाल. तुमचे स्वतःचे नियम कायमचे ठरलेले, चिन्हं मोजकी. पण समोरच्या यंत्राला चार अवस्था असतील किंवा चार हजार. प्रत्येक अवस्थेला वेगळं चिन्ह द्यायचं म्हटलं, तर तुमच्याकडे चिन्हंच पुरायची नाहीत.

ट्यूरिंगची तोड पाहा. अवस्था लिहायची ती D आणि त्यापुढे क्रमांकाइतके A: पहिली DA, तिसरी DAAA. चिन्हं लिहायची D आणि त्यापुढे C: रिकामं घर नुसतं D, शून्य DC, एक DCC. सरकण्यासाठी L आणि R, जागीच थांबण्यासाठी N, आणि नियम संपला की अर्धविराम. झालं, सात अक्षरं. प्रत्येक नियमात आधी सध्याची अवस्था, मग दिसणारं चिन्ह, लिहायचं चिन्ह, सरकणं आणि शेवटी पुढची अवस्था. आपलं चार अवस्थांचं यंत्र असं दिसतं:

```
DADDCRDAA;DAADDRDAAA;DAAADDCCRDAAAA;DAAAADDRDA;
```

पहिला नियम बोट ठेवून वाचा. DA म्हणजे पहिली अवस्था. D म्हणजे घर रिकामं. DC म्हणजे शून्य लिही. R म्हणजे उजवीकडे. DAA म्हणजे दुसऱ्या अवस्थेत जा. कुठे मोकळी जागा नाही, तरी कुठे गफलत होत नाही, कारण नवा तुकडा D किंवा सरकण्याच्या अक्षरानेच सुरू होतो. A ला १, C ला २, D ला ३, L ला ४, R ला ५, N ला ६ आणि अर्धविरामाला ७ असे अंक दिले, की हेच यंत्र म्हणजे एक सत्तेचाळीस अंकी संख्या होते:

```
31332531173113353111731113322531111731111335317
```

यंत्राला संख्या मिळाली, ही गोष्ट शेवटी कामाला येणार आहे. तूर्त ती खिशात ठेवा.

आता हे वर्णन पट्टीवर उतरवा, पण एक घर सोडून एक. मधली घरं मुद्दाम रिकामी ठेवलेली आहेत. अक्षरांच्या घरात लिहिलेलं कधी पुसायचं नाही, आणि मधल्या घरांत पेन्सिलीच्या खुणा करायच्या, हव्या तेव्हा पुसायच्या. मला विचाराल तर सगळ्या बांधणीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. सत्तेचाळीस अक्षरांना चौऱ्याण्णव घरं लागली, पण त्या बदल्यात तुम्हाला अक्षराला धक्का न लावता त्यावर बोट ठेवता आलं. वर्णनानंतर जोड अपूर्णविराम, `::`. त्याच्या डावीकडे तक्ता, उजवीकडे काम. उजवीकडे सुरुवातीची स्थिती लिहा: `:DAD`, म्हणजे पहिली अवस्था, समोर रिकामं घर. अवस्था नेहमी ती ज्या घराकडे पाहते त्याच्या डावीकडे लिहायची.

चला, पहिली फेरी. शेवटच्या स्थितीतल्या अवस्थेला आणि तिच्यापुढच्या चिन्हाला, म्हणजे DAD ला, शेजारच्या घरांत y अशी खूण करा. मग `::` पासून डावीकडे जा आणि सर्वांत शेवटचा नियम गाठा. त्याच्या अर्धविरामाला z लावा, म्हणजे हा पाहून झाला हे कळेल, आणि त्याच्या सुरुवातीच्या DAAAAD ला x लावा. आता जुळवा. पहिलं x वालं अक्षर D, ते डोक्यात धरून चालत उजवीकडे या, पहिलं y वालं अक्षर पाहा: D. जुळलं, दोन्ही खुणा पुसा. परत जा. A आणि A, जुळलं. परत जा. A आणि D. फसलं. उरलेल्या खुणा पुसा, y पुन्हा लावा, डावीकडचा पुढचा नियम घ्या. तिसऱ्या अवस्थेचा नियम फसतो, दुसऱ्या अवस्थेचाही. पहिलाच नियम सर्वांत शेवटी तपासला जातो, आणि तो D, A, D असा पूर्ण जुळतो.

या साऱ्यात तुम्ही ‘पहिली अवस्था’ असा विचार एकदाही केला नाहीत. A किती आहेत हे मोजलंही नाहीत. बँकेतला कारकून चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहतो, सही कुणाची याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तसंच. म्हणूनच समोरच्या यंत्राला चार हजार अवस्था असल्या तरी तुमच्या नियमांत एकाचीही भर पडत नाही. A ची रांग लांबते, खेपा वाढतात, एवढंच.

जुळलेल्या नियमात शून्य लिहायचं आहे, म्हणून आधी पट्टीच्या टोकाला `:0:` लिहा. हेच तुमचं उत्तर. मग नवी स्थिती एकेक अक्षर वाहून नेऊन उतरवा: लिहिलेलं चिन्ह DC, नवी अवस्था DAA, आणि समोरचं नवं रिकामं घर D. सगळ्या खुणा पुसा आणि पुन्हा पहिल्यापासून. चार फेऱ्यांनंतर उजवीकडची अक्षरं अशी असतील:

```
:DAD:0:DCDAAD:DCDDAAAD:1:DCDDCCDAAAAD:DCDDCCDDAD
```

चौथ्या फेरीअखेर DA परत आली, आपलं यंत्र वळसा घालून पहिल्या अवस्थेत पोचलं. हात मात्र दुखायला लागला असेल. जुनी स्थिती कधीच खोडली जात नाही, दर फेरीला सगळं नव्याने उतरवायचं. त्यामुळे पट्टी वाढत जाते आणि प्रत्येक अक्षराची ने-आण आधीपेक्षा लांबची होते. ट्यूरिंगला वेगाशी कर्तव्य नव्हतं, असं यंत्र असू शकतं एवढंच दाखवायचं होतं.

आणि एखादं अक्षर चुकलं तर? पहिल्या नियमाच्या शेवटचा एक A गाळा, DAA चं DA होऊ द्या. तुम्हाला काही खटकणार नाही. तुम्ही निमूटपणे ०, ०, ० लिहीत राहाल, चूक कळेल ती उत्तर पाहणाऱ्याला. त्याच जागी एक A जास्त घाला, तर गंमतच: दुसरी अवस्था वगळली जाते, मधलं एक रिकामं घर जातं, पण अंक ०, १, ०, १ तेच. वर्णन वेगळं, संख्या वेगळी, उत्तर एकच. आता शेवटच्या नियमात DA ऐवजी DAAAAA लिहा. ०, १ उमटतात आणि मग पाचव्या अवस्थेचा नियमच सापडत नाही. तुम्ही z लावत डावीकडे जाता, पट्टीच संपते. पुढे अंक नाहीत. असं काही अंकांवर अडकून राहणाऱ्या यंत्राला ट्यूरिंग वर्तुळी म्हणतो.

चुकांचा विषय निघालाच आहे, तर अकरा वर्षं पुढे, १९४७ च्या टेडिंग्टनला डोकावून येऊ. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या डोनाल्ड डेव्हिस या तरुणाने हा लेख नुसता न वाचता हाताने चालवून पाहिला, जसं तुम्ही आत्ता केलंत. लेखातल्या सार्वत्रिक यंत्राच्या, म्हणजे तुम्ही झालात त्याच यंत्राच्या, तक्त्यातच त्याला बऱ्याच चुका सापडल्या. त्याने त्या ट्यूरिंगला दाखवल्या, आणि ट्यूरिंगला ते आवडलं नाही. सिद्धान्ताला त्याने धक्का लागत नव्हता, तक्ता दुरुस्त होण्याजोगा होता. पण १९३६ साली तो चालवून पाहायला यंत्र कुठे होतं?

परत केंब्रिजला. DAAAAA चा घोटाळा वर्णन वाचूनच पकडता आला. मग कुठलंही वर्णन दिलं, की हे यंत्र वर्तुळी आहे की नाही ते न चुकता सांगणारा एखादा परीक्षक, अर्थात तोही यंत्रच, बनवता येईल का? धरून चाला, की बनवला. आता खिशातली संख्या काढा. परीक्षक आणि तुम्ही मिळून एक जोडयंत्र करा. ते १, २, ३ असं ओळीने प्रत्येक संख्येकडे पाहतं. ती संख्या अडकून न राहणाऱ्या यंत्राची आहे, असं परीक्षक म्हणाला की मोजणी एकाने वाढते. मोजणी सात झाली असेल, तर तुम्ही ते यंत्र सातव्या अंकापर्यंत चालवता आणि तो अंक टिपता. परीक्षक दरवेळी उत्तर देतोच आणि मंजूर झालेली यंत्रं अंक देतातच, तेव्हा हे जोडयंत्र स्वतः अडकायला नको.

पण जोडयंत्रही यंत्रच. त्याचाही तक्ता सात अक्षरांत मावतो, त्यालाही संख्या आहे, आणि मोजता मोजता ती संख्या येणारच. परीक्षकाने ‘वर्तुळी’ म्हणावं, तर वर आपण नुकतंच दाखवलं की ते वर्तुळी नाही. ‘वर्तुळी नाही’ म्हणावं, तर मोजणी वाढते, समजा शंभर होते, आणि तुम्हाला जोडयंत्राचा शंभरावा अंक काढायचा असतो. तुम्ही त्याचं वर्णन घेऊन चालवायला बसता. नव्व्याण्णव अंक बिनबोभाट मिळतात. शंभराव्यासाठी ते यंत्र नेमकं त्याच संख्येशी येतं, आणि त्याला करायचं असतं ते हेच: स्वतःचं वर्णन घ्यायचं आणि शंभरावा अंक काढायला पहिल्यापासून चालवायचं. त्यातही नव्व्याण्णव मिळतात, आणि पुन्हा तेच. शंभरावा अंक पट्टीवर कधीच येत नाही, म्हणजे जोडयंत्र वर्तुळी निघालं, आणि परीक्षकाचं हेही उत्तर चुकलं.

जोडयंत्रातला तुमचा भाग तुम्ही पेन्सिलीने चालवून पाहिलात, तो करता येतो. तेव्हा नसणार आहे तो परीक्षक.