कर्जाचा दर सापडत का नाही? न्यूटन, फूरिए आणि एक्सेलचा ०.००१

कर्जाची रक्कम, मुदत आणि हप्ता माहीत आहे. व्याजाचा दर तेवढा काढायचाय. ऐकायला शाळेतल्या गणितासारखं वाटतं, पण कागदावर मांडलंत की लक्षात येईल की दर एका बाजूला काढून लिहिता येत नाही. दर छेदातही आहे आणि घातांकाच्या पायातही. हप्ता काढायला सूत्र आहे, दर काढायला नाही. म्हणून एक्सेलचा Goal Seek काय किंवा RATE काय, दोघेही अंदाज करतात, तपासतात, सुधारतात आणि पुन्हा तपासतात. हे सुधारणं कधी फसतं, हा प्रश्न संगणकाहून बराच जुना आहे.

१६७० च्या सुरुवातीला आयझॅक न्यूटननं जॉन कॉलिन्सला एका पत्रातून नेमका याच जातीचा प्रश्न सोडवून पाठवला होता: ठरावीक वर्षं मिळणारी वार्षिकी अमुक किमतीला घेतली, तर व्याजाचा दर किती पडला? लॉगरिदम वापरून त्यानं अंदाजे उत्तर देणारं सूत्र दिलं. ते छापायला त्याची हरकत नव्हती, फक्त आपलं नाव त्यावर नको, असं त्यानं कळवलं. त्याच सुमारास, १६६९ मध्ये, समीकरणं टप्प्याटप्प्यानं सोडवायची आपली रीतही त्यानं लिहून काढली होती. त्यात प्रत्येक टप्प्यावर नवं समीकरण मांडावं लागे. जोसेफ रॅफसननं १६९० मध्ये तेच काम एकच सूत्र पुन्हा पुन्हा वापरून करून दाखवलं. पुढे १७४० मध्ये थॉमस सिम्प्सननं ती रीत कलनाच्या भाषेत मांडली, आणि ती बहुपदींपुरती मर्यादित राहिली नाही. आज तुम्ही ‘न्यूटन-रॅफसन’ म्हणून जे शिकता, ते रूप बरंचसं सिम्प्सनचं आहे.

रीत मिळाली, पण सुरुवात कुठून करायची हे ठरत नव्हतं. तिथेच गोची आहे. एक उदाहरण घेऊ.

एक लाख रुपये कर्ज, २४० महिने, हप्ता ८९९.७३ रुपये. उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे: महिना ०.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ९ टक्के. आता समजा हे माहीत नाही. सुरुवातीचा अंदाज A2 मध्ये लिहा, खालचं सूत्र A3 मध्ये टाका आणि खाली ओढत जा. प्रत्येक ओळ म्हणजे न्यूटनच्या रीतीची एक फेरी.

```
=A2-((1-(1+A2)^-240)/A2-100000/899.73)/((240*(1+A2)^-241-(1-(1+A2)^-240)/A2)/A2)
```

A2 मध्ये 0.1 लिहा. वर्षाला दहा टक्के या हिशेबानं बरेच जण असंच लिहितात, पण इथे दर महिन्याचा आहे, त्यामुळे हा अंदाज महिना दहा टक्क्यांचा झाला. पुढच्या ओळीत येतं −०.९११. महिन्याला उणे ९१ टक्के! त्याच्या पुढची ओळ पाहा: तिथेही जवळपास −०.९११च. आकडा फक्त ०.०००३७ नं सरकलेला असतो.

असं का होतं? आडव्या अक्षावर दर घ्या आणि उभ्या अक्षावर ‘सगळ्या हप्त्यांचं आजचं मूल्य वजा कर्ज’. ही रेघ डावीकडे फार उंचावरून उतरते, खऱ्या दरापाशी शून्य ओलांडते आणि उजवीकडे जवळजवळ सपाट होत जाते. न्यूटनची रीत म्हणजे रेघेला स्पर्शिका काढायची आणि ती शून्याला जिथे भेटेल तिथे उडी मारायची. सपाट भागातली स्पर्शिका शून्याला फार लांब जाऊन भेटते, म्हणून उडी उत्तराच्या पार पलीकडे पडते. तिथे रेघ इतकी उभी आहे की पुढची प्रत्येक उडी मुंगीच्या पावलाची. प्रत्येक फेरीत ‘१ + दर’ जेमतेम २४० व्या भागानं वाढतो. परत यायला साडेपाचशेहून जास्त फेऱ्या लागतात. सुरुवात 0.12 नं केलीत तर पहिलीच उडी −१.३६ वर जाते. दर उणे शंभर टक्क्यांच्या खाली गेला की ‘१ + दर’ ऋण होतो आणि आकड्यांना काही अर्थच राहत नाही.

याचं उत्तर जोसेफ फूरिएकडे सापडतं. तो १८३० मध्ये वारला आणि समीकरणांवरचं त्याचं पुस्तक १८३१ मध्ये आलं. त्याची अट सोप्या शब्दांत अशी: रेघ एकाच दिशेनं जात असेल आणि तिचा बाक एकाच बाजूचा असेल, तर फलनाचं आणि त्याच्या दुसऱ्या अवकलजाचं चिन्ह जिथे सारखं आहे, त्या बाजूनं सुरुवात करा. मग उडी उत्तराच्या पलीकडे पडत नाही. आपल्या रेघेचा बाक सगळीकडे वरच्या बाजूचा आहे, म्हणून सुरुवात रेघ शून्याच्या वर असेल तिथून, म्हणजे खऱ्या दराच्या डावीकडून करायची. A2 मध्ये 0.001 लिहून बघा. ओळी येतात ०.००५१, ०.००७२, ०.००७५. चार आकड्यांत काम झालं. फक्त 0 लिहू नका, सूत्रात दरानं भागायचंय, #DIV/0! मिळेल.

हेच सूत्र स्वतःकडेच बोट दाखवणाऱ्या एका सेलमध्ये, Enable iterative calculation चालू करून बसवलंत, तर धोका आणखी मोठा. एक्सेलमध्ये तिथे मुळात Maximum Iterations १०० आणि Maximum Change ०.००१ असतं. एका फेरीतला बदल ०.००१ पेक्षा कमी झाला की एक्सेल थांबतो. आपल्या उदाहरणात दुसऱ्याच उडीचा बदल ०.०००३७ आहे. म्हणजे एक्सेल कसलीही तक्रार न करता −०.९११ वर थांबणार आणि तुम्हाला ते ‘उत्तर’ वाटणार. पाऊल लहान पडलं याचा अर्थ मुक्काम आला असा होत नाही, हे त्या आकड्याला कळत नाही. RATE निदान बोलून तरी दाखवतं: २० फेऱ्यांत जमलं नाही तर #NUM!.

Goal Seek सुद्धा हीच मर्यादा वापरतो, पण ती लक्ष्याच्या सेलमधल्या फरकाला लावतो. त्यामुळे शिल्लक रुपयांत मांडली असेल तर ०.००१ म्हणजे पैशाहूनही कमी. तीच लाखांत मांडली तर शंभर रुपयांच्या फरकावरही Goal Seek समाधानी. ‘सापडलं’ म्हणून आलेला दर थोडा चुकीचा दिसत असेल, तर आधी एकक बघा.

म्हणून थिसिसमध्ये किंवा प्रोजेक्टमध्ये असा आकडा लिहिण्याआधी तो उलटा घालून तपासा. =PMT(A5,240,100000) नं −८९९.७३ च्या जवळचा आकडा दिला (ऋण चिन्ह म्हणजे पैसे बाहेर जातायत), तर दर खरा. फेऱ्या थांबल्या की नाही ते त्यानंतर बघायचं; आधी हप्ता जुळतोय का ते बघायचं.