सामू : एक अंक म्हणजे दहापट
* द्रावणातील हायड्रोजन आयनांची संहती मोल प्रति लिटरमध्ये घेऊन तिच्या लॉगरिदमचे चिन्ह बदलले, की सामू मिळतो : pH = −log[H⁺]. रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी ही पद्धत १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू २. त्यातले १० मिलिलिटर घेऊन पाण्याने १०० मिलिलिटर केले, तर संहती दहापट घटते आणि सामू एकाच अंकाने वाढून ३ होतो. ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडसाठी हायड्रॉक्साइड आयनांवरून तसेच २ काढून १४ मधून वजा करावेत. २५ अंश सेल्सिअसला सामू १२ येतो. मात्र आम्ल कितीही विरळ केले तरी सामू ७ ओलांडत नाही, कारण तिथे पाण्याचे स्वतःचे आयनही हिशेबात धरावे लागतात.