मोरचे वर्तुळ

मोरचे वर्तुळ : (प्रतिबल वर्तुळ). एकाच बिंदूतून वेगवेगळ्या कलांनी जाणाऱ्या प्रतलांवर लंब प्रतिबल किती आणि कर्तन प्रतिबल किती, हे एकाच आकृतीत दाखवणारी आलेखीय रीत. जर्मन स्थापत्य अभियंता ऑटो मोर (१८३५–१९१८) यांनी ती १८८२ मध्ये मांडली. त्यांच्या आधी कार्ल कुलमान यांनी तुळईतील प्रतिबलांसाठी अशाच वर्तुळाचा उपयोग केला होता.

यंत्रभागाच्या मोकळ्या पृष्ठभागावर बाहेरून काहीच दाबत किंवा ओढत नसते. त्यामुळे तिथली सगळी प्रतिबले पृष्ठभागाच्याच पातळीत राहतात. या स्थितीला समतल प्रतिबल म्हणतात. ५० मिमी व्यासाचा एक भरीव पोलादी शाफ्ट घेऊ. पट्ट्याच्या ओढीमुळे त्यावर ९८२ न्यूटन-मीटर नमन आघूर्ण येते आणि शक्ती वाहून नेताना ७३६ न्यूटन-मीटर पीळ पडतो. ज्या बाजूला ताण आहे तिथे पृष्ठभागावर एक छोटा चौकोन कल्पिला, तर अक्षाच्या दिशेने σx = ८०, आडव्या दिशेने σy = ० आणि कर्तन τxy = ३० मेगापास्कल मिळते. पण शाफ्टला हा चौकोन ठाऊक नसतो. तो आपण आपल्या सोयीने आखलेला असतो. तोच चौकोन थोडा फिरवला की आकडे बदलतात. म्हणून सर्वांत वाईट आकडा कोणत्या कलाला येतो, हे शोधावे लागते.

आलेखावर लंब प्रतिबल आडव्या अक्षावर घ्यावे, ताण धन. चौकोनाला घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहणारे कर्तन वर मांडावे, उलट फिरवणारे खाली. हा संकेत एकदा पाळला की वर्तुळावर ज्या दिशेने फिरायचे, प्रत्यक्ष चौकोनही त्याच दिशेने फिरतो. आपल्या शाफ्टच्या x-पृष्ठाचा बिंदू (८०, −३०) आणि y-पृष्ठाचा (०, +३०). दोन्ही बिंदू जोडणारी रेषा हा वर्तुळाचा व्यास. ती आडव्या अक्षाला ४० वर छेदते, तोच मध्य. मध्यापासून x-बिंदू ४० पुढे आणि ३० खाली आहे, म्हणून त्रिज्या ५०.

आता वाचन. वर्तुळ आडव्या अक्षाला ९० आणि −१० वर छेदते. तिथे कर्तन शून्य असते, म्हणून ही मुख्य प्रतिबले. वर्तुळाचा माथा त्रिज्येइतका उंच, म्हणजे महत्तम कर्तन ५० मेगापास्कल. x-बिंदूपासून ९० च्या बिंदूपर्यंत वर्तुळावर घड्याळाच्या उलट ३६.८७ अंश जावे लागते. वर्तुळावरचा कोन प्रत्यक्षातल्या कोनाच्या दुप्पट असतो, म्हणून मुख्य ताणाची दिशा शाफ्टच्या अक्षापासून १८.४३ अंशांवर येते. महत्तम कर्तनाची प्रतले तिथून ४५ अंशांवर असतात आणि त्यांवर ४० मेगापास्कल लंब प्रतिबलही असते. ते शून्य धरणे ही नेहमीची चूक. ते शून्य होते फक्त वर्तुळाचा मध्य आरंभबिंदूवर असेल तेव्हा, जसे निव्वळ पिळात. खडू हातात धरून पिळला तर तो ४५ अंशांच्या मळसूत्री रेषेवर तुटतो, कारण ठिसूळ खडू मुख्य ताणापुढे हार मानतो. मऊ पोलादाची सळई पिळून तोडली तर ती अक्षाला काटकोनात सपाट तुटते, कारण तिथे कर्तनच निर्णायक ठरते.

कोनाच्या बाबतीत सूत्र अनेकांना फसवते. tan 2θ = 2τxy/(σx − σy) ला ९० अंशांच्या अंतराने दोन उत्तरे आहेत; गणकयंत्र एकच देते. वरचे उदाहरण अदलाबदल करून σx = ०, σy = ८० घेतले, तर गणकयंत्र −१८.४३ अंश दाखवते आणि ती दिशा ९० ची नसून −१० ची असते. कोन प्रतिबलाच्या सूत्रात परत घालून पाहिला की चूक लगेच कळते. वर्तुळ काढले असेल तर ती सहसा होतच नाही. आकड्यांची पडताळणी सोपी आहे: मुख्य प्रतिबलांची बेरीज मूळ लंब प्रतिबलांच्या बेरजेइतकीच यावी. इथे ९० − १० = ८० + ०.

हे वर्तुळ एका बिंदूचे आणि एका क्षणाचे असते. शाफ्ट अर्धा फेरा फिरला की तोच बिंदू दाबाच्या बाजूला जातो आणि मुख्य प्रतिबले १० व −९० होतात. थकव्याचा विचार या दोन्ही स्थिती धरून करावा लागतो. दुसरी मर्यादा अधिक धोक्याची. पृष्ठभागाला लंब दिशेचे तिसरे मुख्य प्रतिबल शून्य असते आणि तेही मोजणीत धरावे लागते. शाफ्टमध्ये ते ९० आणि −१० यांच्या दरम्यान पडते, म्हणून ५० हेच खरे महत्तम कर्तन. पण पातळ भिंतीच्या दाबपात्रात परिघाच्या दिशेने १०० आणि लांबीच्या दिशेने ५० मेगापास्कल ताण असेल, तर पृष्ठभागाच्या पातळीतले वर्तुळ २५ चेच कर्तन दाखवते. ० आणि १०० यांमधून काढलेल्या मोठ्या वर्तुळाची त्रिज्या मात्र ५० येते, आणि कर्तनाच्या निकषाने भिंतीची जाडी ठरवताना हाच आकडा घ्यावा लागतो.